एक तासाने पुढे

संस्थेत वेलांटीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारा माणूस आता उरलेला नव्हता. त्यांच्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर ते लाल पेनाने कुणाची ना कुणाची वेलांटी सुधारायचे. ऱ्हस्वाची दीर्घ करायचे, दीर्घाची ऱ्हस्व करायचे आणि मग चष्म्यावरून त्या माणसाकडे असं बघायचे, की त्याला शाळेत असल्यासारखं वाटायचं. एकतीस वर्षं कारकुनी करून हेडक्लार्क झालेल्या माणसाला एवढा माज चालतो, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

त्यांचा खास राग होता तो नव्या मुलांवर. टायपिंगला आलेली एखादी मुलगी विचारायची, "काका, पावणेबारा म्हणजे अकरा पंचेचाळीस की बारा पंचेचाळीस?" की काकांचं प्रवचन सुरू. पाव उणे बारा, म्हणजे बाराला पंधरा मिनिटं कमी, एवढं साधं कळत नाही, तुमच्या घड्याळात नुसते आकडे आले आणि अक्कल गेली, वगैरे. मुली मान खाली घालून ऐकून घ्यायच्या आणि बाहेर जाऊन हसायच्या.

तर अशा या माणसाच्या हातून शुक्रवारी सकाळी पावणेबाराचं १२:४५ झालं.

झालं ते असं. संस्थेत वाळवलेल्या झाडापानांचा मोठा संग्रह होता. दोन हॉल भरून लोखंडी कपाटं, त्यांत जाड कागदांवर चिकटवलेली रोपं, प्रत्येकाखाली नाव, कुठे मिळालं, कुणी गोळा केलं, कोणत्या तारखेला. त्या संग्रहासाठी मदतनिसाची एक कायम जागा बारा वर्षांनी निघाली होती. अर्ज आले, छाननी झाली, चार उमेदवार उरले. मुलाखती पुढच्या गुरुवारी. साहेबांनी, म्हणजे संचालकांनी, इंटरकॉमवरून वेळा सांगितल्या: "पहिला साडेनऊ, दुसरा सव्वादहा, तिसरा अकरा, चौथी पावणेबारा. प्रत्येकाला वेगळा मेल. आत्ता जाऊ द्या." काकांनी चार मेल तयार केले. पहिल्या तिघांच्या वेळा बरोबर पडल्या. चौथ्याला डोक्यात 'बारा' घुमत होतं आणि 'पावणे'चे पंचेचाळीस बोटांत होते, ते एकमेकांना चिकटले आणि १२:४५ होऊन गेले. काकांनी चारही मेलांतल्या वेलांट्या दोनदा तपासल्या. आकडा कुणी तपासायचा?

चौथी उमेदवार होती डिंकताई.

हेही नाव संस्थेनेच दिलेलं. नऊ वर्षं ती त्या संग्रहात रोपं चिकटवत होती. वाळलेल्या पानाला डिंक कुठे लावायचा आणि कुठे नुसती कागदाची बारीक पट्टी द्यायची, नाजूक फूल सुटं झालं तर ते लहानशा पाकिटात घालून कागदाच्या कोपऱ्यात कसं डकवायचं, हे तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं. मोठमोठे अभ्यासक कपाटाशी उभे राहून तिला विचारायचे, अमुक झुडूप कोणत्या खणात, आणि ती न बघता हात घालायची. पण नेमणूक हंगामी. अकरा महिने काम, मग एक महिन्याचा खंड, मग नवीन ऑर्डर. खंड एवढ्याचसाठी, की सलग नोकरी झाली असं तिला कधी म्हणता येऊ नये. नऊ वर्षांत नऊ वेळा तिला घरी बसवून पुन्हा नव्याने 'रुजू' करून घेतलं होतं. आत्ताही तिचा खंडच चालू होता आणि ती दोन-अडीच तासांवरच्या गावी भावाकडे गेली होती. पुढच्या मार्चमध्ये ती वयोमर्यादा ओलांडणार होती. म्हणजे कायम होण्याची ही पहिली आणि शेवटचीच संधी, आणि हे संस्थेतल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी समितीसाठी छापलेली यादी फाइलला लावताना काकांना चूक दिसली. यादीत ११:४५. पाठवलेल्या मेलमध्ये १२:४५. त्यांनी तीन वेळा पाहिलं, जणू तिसऱ्यांदा पाहिल्यावर आकडा लाजून बदलेल.

आधी ते धावले संगणकवाल्याकडे. "गेलेला मेल मागे बोलावता येतो म्हणे?"

"आपल्या ऑफिसातल्या ऑफिसात असेल तर कधी कधी येतो," संगणकवाला म्हणाला. "बाहेरच्या पत्त्यावर गेला तो गेला. आणि मागे बोलावण्यापेक्षा सरळ दुसरा पाठवा ना, काका. ती अजून आठवडाभर येणार नाहीये."

बरोबर होतं. मुलाखतीला सहा दिवस होते. काका जागेवर आले आणि त्यांनी दुरुस्तीचा मेल लिहिला. काही म्हणा, माणूस वेलांटीत अडकत असला तरी लिहिणं त्याला येत होतं. पहिल्याच मेलला उत्तर म्हणून, त्याच धाग्यात, म्हणजे तिला चूक आणि दुरुस्ती एकाखाली एक दिसतील. विषयाच्या ओळीतच सगळं:

'दुरुस्ती: मुलाखतीची वेळ सकाळी ११:४५ (१२:४५ नव्हे)'

आणि खाली:

'आज सकाळी पाठवलेल्या मेलमध्ये आपल्या मुलाखतीची वेळ १२:४५ अशी चुकीची लिहिली गेली. बरोबर वेळ गुरुवारी सकाळी ११:४५ (पावणेबारा) ही आहे. दिवस, ठिकाण व आणायची कागदपत्रे तीच आहेत. ही वेळ वाचल्याचे कृपया उलट मेलने कळवावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

झालं. पाच वाक्यं. लहान पोरालाही कळेल. काकांनी तेव्हाच बटण दाबलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एकतीस वर्षांत साहेबांना विचारल्याशिवाय त्यांनी चहासुद्धा मागवला नव्हता. त्यांनी मेल छापला आणि कागद घेऊन ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी कागद वाचला आणि तो टेबलावर असा ठेवला, की जणू त्यावर काहीतरी सांडलंय.

"'चुकीची' हा शब्द काढा."

"साहेब, पण चुकीचीच..."

"तुम्हाला कळतंय का, निवडप्रक्रियेत संस्थेने लेखी चूक मान्य केली तर उद्या कुणीही उठून कोर्टात जाईल. 'दिलगीर' पण काढा. आणि हे दोन आकडे शेजारी शेजारी कशाला? हा बरोबर, हा चूक, असा बाजार मांडायचा नाही. वेळेत बदल केलाय म्हणायचं. समितीच्या सोयीसाठी. बसा, मी सांगतो, लिहून घ्या."

आणि मग साहेब खुर्चीत मागे रेलले, त्यांनी डोळे मिटले आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. साहेबांना भाषेचा फार शौक होता. भाषेलाही त्यांचा असता तर बरं झालं असतं. विषय झाला 'मुलाखतीसंदर्भात'. आणि मजकूर असा:

'महोदया, संस्थेतर्फे आपणांस पाठविण्यात आलेल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, निवड समितीच्या मान्यवर सदस्यांच्या व्यग्र कार्यक्रमाचा साकल्याने विचार करता, आपल्या मुलाखतीची नियोजित वेळ एक तासाने पुढे घेण्यात येत आहे. तरी याची यथोचित नोंद घेऊन आपण संस्थेस सहकार्य कराल, असा विश्वास आहे. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी संस्था शुभेच्छा देत आहे.'

काका लिहिता लिहिता थांबले.

"साहेब, 'पुढे' म्हटलं तर नंतर असंही वाचतात लोक. एक तास पुढे म्हणजे पावणेदोन असं वाटेल. आकडा टाकू या का?"

साहेबांनी डोळे उघडले. "खुर्ची पुढे घ्या म्हटलं तर तुम्ही मागे नेता का?"

"नाही, साहेब."

"मग? पुढे घेणं म्हणजे अलीकडे आणणं. आणि मुलाखत नंतर न्यायची असती तर आपण 'पुढे ढकलली' म्हटलं असतं. तुम्ही तर वेलांटीवाले, तुम्हाला मी शब्द शिकवायचे?"

"एक फोन केला तर? नुसतं सांगायला, की..."

"अजिबात नाही. कुणाही उमेदवाराला फोन नाही. एकीला फोन गेला की बाकीचे तिघं म्हणतील, आतून काहीतरी शिजतंय. त्यातून ती आपल्याकडचीच. जे काय ते लेखी. नियम आहे."

असा नियम खरंच होता. जाहिरातीतच छापला होता. साहेबांना नियम आठवायचे ते असे, नेमके हवे तेव्हा. काका जागेवर आले. 'पुढे' या शब्दाकडे ते बराच वेळ पाहत राहिले. शब्दाची वेलांटी बिलांटी काही चुकलेली नव्हती. त्याला वेलांटीच नव्हती. त्यांनी बटण दाबलं.

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सांगितलं. काकू हॉस्पिटलात सिस्टर होत्या, पाय दुखतात म्हणून गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

"आमच्याकडे केसपेपरवर चूक झाली तर काय करतो माहितीये?" त्या म्हणाल्या. "खाडाखोड नाही, पांढरं फासायचं नाही. चुकलेल्यावर एकच रेघ, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते. सही, तारीख, वेळ. बास. का, कुणामुळे, साकल्याने विचार करता, असलं काही नाही. ते लिहीत बसलो तर पेशंट जाईल ना."

"इथे कोण पेशंट आहे?"

"डिंकताई आहे. फोन करा तिला."

"नियम आहे, अगं."

"अहो, तुम्ही तिला नऊ वर्षं ओळखता. आपल्या लेकीच्या प्रोजेक्टला तिने रविवारी घरी येऊन पानं चिकटवून दिली होती. एक फोन करा, 'पावणेबारा' म्हणा आणि ठेवा. नावसुद्धा सांगू नका."

मोबाइल समोर टेबलावर होता. त्यांना वाटलं, साहेबांना कळलं तर? फोन केल्याचं रेकॉर्डमध्ये राहतं. तीन वर्षांनी सन्मानाने निवृत्त व्हायचं होतं, हारतुरे, भाषण, 'आपल्या काटेकोरपणाबद्दल' वगैरे. एकतीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं. खरं सांगायचं तर काका घाबरले होते, आणि घाबरल्याला ते नियम म्हणत होते.

शनिवारी सकाळी डिंकताईचं उत्तर आलं: 'मेल मिळाला. नोंद घेतली. धन्यवाद, काका.' काकांचा जीव भांड्यात पडला. मिळाला म्हणते, म्हणजे कळलं असणार. कोणती नोंद घेतली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी स्वतःच्या न पाठवलेल्या मसुद्यात 'ही वेळ वाचल्याचे कळवावे' असं मागितलं होतं, नुसतं 'मेल मिळाल्याचे' नव्हे, आणि दोहोंत काय फरक आहे ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण माणसाला झोप हवी असली की तो अर्ध्या उत्तरावरही उशी टाकतो.

गुरुवार उजाडला. समितीत तिघं: साहेब, विद्यापीठातून आलेल्या एक प्राध्यापिका आणि बाहेरगावचे एक वनस्पतितज्ज्ञ, ज्यांना साडेबाराला निघायचं होतं. पहिला उमेदवार साडेनऊला साहेबांच्या केबिनमध्ये गेला. दुसरा, तिसरा, सगळं घड्याळाप्रमाणे. साडेअकराला काका दाराबाहेरच्या बाकाकडे पाहून आले. बाक रिकामा होता. अकरा चाळीसला पुन्हा पाहून आले. मग जिन्याने खाली गेले, फाटकापर्यंत गेले, पहारेकऱ्याला विचारलं.

"डिंकताई? नाही बा. ती आली असती तर आधी मलाच भेटली असती."

तिथेच फाटकात उभं राहून काकांनी तो फोन केला, जो सहा दिवसांपूर्वी करायचा होता. आता नियम कुठे गेला होता कोण जाणे.

"काका!" पाठीमागे बसचा आवाज होता. "निघालेय मी. काळजी करू नका, वेळेच्या आधीच पोचते."

"किती... किती वाजता आहे तुझी मुलाखत?"

"पावणेदोन ना? आधी पाऊण होती, मग तुम्ही एक तासाने पुढे घेतली. बरं झालं, मला सकाळची बस चुकवता आली, वहिनीला बरं नव्हतं. काका? ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं. काका म्हणाले, "तू कुठे आहेस?"

"अजून तास-सव्वातास लागेल. का हो?"

"ये. लवकर ये," काका म्हणाले आणि जिना चढून धापा टाकत साहेबांच्या केबिनपाशी गेले.

साहेब दारात आले. काकांनी सगळं सांगितलं, चिठ्ठीत नाही, तोंडाने, आणि जरा मोठ्यानेच. वनस्पतितज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. "मी साडेबारापर्यंत आहे," ते म्हणाले. "त्यापुढे माझी गाडी आहे, दुसरी उद्या सकाळी. तेवढ्यात आल्या तर जरूर घेऊ." प्राध्यापिका म्हणाल्या, "त्यांना वेळ नीट कळवली होती ना?"

"लेखी कळवली होती," साहेब म्हणाले. "त्यांची पोचही आहे. पोच दाखवा, हेडक्लार्क."

आणि काकांनी पोच दाखवली. 'मेल मिळाला. नोंद घेतली.' स्वतःच्या हाताने फाइल उघडून दाखवली. आपला मूळ मसुदा आपल्या खणात आहे, हे सांगायला त्यांचं तोंड उघडलं होतं, पण साहेब त्यांच्याकडे बघत होते आणि तोंड परत मिटलं. असं मिटण्याची त्याला सवय होती. साडेबाराला समिती उठली.

डिंकताई एक वाजून दहा मिनिटांनी आली. इस्त्रीची साडी, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरात कागदपत्रं, आणि दुसऱ्या एका पुठ्ठ्यात तिने स्वतः चिकटवलेले दोन नमुने, समितीला दाखवायला. बाकावर बसली, रुमालाने कपाळ पुसलं, घड्याळ पाहिलं आणि काकांना म्हणाली, "पस्तीस मिनिटं आहेत अजून. पाणी मिळेल का?"

काकांनी पाणी दिलं आणि मग सांगितलं.

तिने आरडाओरडा केला असता तर काकांना बरं वाटलं असतं. तिने मोबाइल काढला, मेल उघडला आणि हळू आवाजात वाचला. "'एक तासाने पुढे घेण्यात येत आहे.' पुढे म्हणजे पुढेच ना, काका? पाऊणच्या पुढे?" दारातून साहेब बाहेर पडत होते. ती उठली. "साहेब, हे तुमच्या ऑफिसने लिहिलंय. याचा अर्थ पावणेबारा कसा होतो, मला एकदा समजावून सांगा."

"ताई, तुम्हाला शंका होती तर विचारायचं होतंत," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ होता. "बाकीचे तिघं वेळेवर आले की नाही?"

"त्यांच्या वेळा बदललेल्याच नव्हत्या."

"हे बघा, समिती विसर्जित झाली. माझ्या हातात काही नाही. तुमच्या कामाबद्दल संस्थेला नेहमीच आदर आहे, खंड संपला की तुमची ऑर्डर निघेलच." आणि हात झटकून ते जेवायला गेले.

डिंकताई खाली बसली. पुठ्ठ्यातले नमुने तिने मांडीवर ठेवले होते, त्यातल्या एकाचा कोपरा वाकला होता तो तिने अंगठ्याने सरळ केला. मग काकांकडे न बघता विचारलं, "तुम्ही लिहिला होता का हो हा मेल?"

"टाइप मी केला."

"ते नाही विचारलं."

काकांनी तिला खरं सांगितलं. मसुद्याचं, साहेबांचं, फोनचं. फोन न केल्याचंही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि परतीच्या बसची चौकशी करून ती निघून गेली.

त्याच दुपारी साहेबांनी समितीचा अहवाल मुख्य कार्यालयाला आणि दोन्ही सदस्यांना मेलने पाठवायला लावला. निवड झाली तिसऱ्या उमेदवाराची, ज्याने संग्रहाचं कपाट आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं. खाली एक ओळ: 'उमेदवार क्र. ४: गैरहजर.' ही ओळ काकांनीच टाइप केली. त्यात काहीही चुकलं नव्हतं, फक्त ती खरी नव्हती.

शुक्रवारी काका कामावर आले, रजिस्टरवर सही केली आणि चहा न घेता बसले. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. अकराच्या सुमारास त्यांनी अहवालाचा मेल उघडला, 'सर्वांना उत्तर' दाबलं, डिंकताईचा पत्ता जोडला आणि लिहिलं:

'दुरुस्ती: उमेदवार क्र. ४ गैरहजर नव्हत्या. कालच्या अहवालात "गैरहजर" असे लिहिले आहे, ते चुकीचे आहे. कार्यालयाने त्यांना प्रथम चुकीची वेळ कळवली व नंतरचा मेल संदिग्ध होता, त्यामुळे त्या उशिरा पोहोचल्या. पहिली चूक माझी आहे. दोन्ही मेल सोबत जोडले आहेत. अहवालातील बाकी मजकुरात बदल नाही.'

छापला नाही. केबिनमध्ये नेला नाही. पाठवला. पाठवल्यावर त्यांची छाती जरा फुगली होती, खोटं कशाला बोला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला न विचारता काहीतरी केलं होतं.

साहेबांनी दहा मिनिटांत बोलावलं. तोंडघशी पाडलंत, म्हणाले. ज्या ताटात खाल्लं, म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही. आजपासून बाहेर जाणारा एकही मेल माझ्या सहीशिवाय जाणार नाही आणि निवृत्तीपर्यंत तुम्ही फक्त आवक बघायची, असं लेखी दिलं. त्या आदेशात दोन वेलांट्या चुकल्या होत्या. काकांनी त्या सुधारल्या नाहीत.

सोमवारी मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं: 'आपल्या दुरुस्तीची नोंद घेण्यात आली आहे. निवडप्रक्रिया पूर्ण झालेली असल्याने निर्णयात बदल संभवत नाही.' प्राध्यापिकांनी काहीच लिहिलं नाही. तज्ज्ञांनी लिहिलं, 'वाईट वाटले.' काकांना तरीही आतून वाटत होतं, की निदान आपण आपल्या बाजूने सगळं स्वच्छ केलं. जेवणाच्या सुट्टीत संगणकवाल्याने पाठीवर थाप मारून 'काका, मानलं तुम्हाला' म्हटलं, तेव्हा ते चक्क लाजले.

मंगळवारी दुपारी डिंकताईचा मेल आला. तो फक्त काकांना होता.

'तुमच्या शुक्रवारच्या मेलमध्ये मी "उशिरा पोहोचले" असे लिहिले आहे. ते चूक आहे. मला कळवलेल्या वेळेच्या पस्तीस मिनिटे आधी मी पोहोचले होते. ज्यांना तो मेल गेला त्या सगळ्यांना हे कळवावे. बाकी मजकूर बरोबर आहे.'

काकांनी तो वाचला. मग स्वतःचा शुक्रवारचा मेल काढून वाचला. 'उशिरा.' होता तो शब्द, अगदी मधोमध. तो त्यांना कुणी सांगितला नव्हता, साहेबांनी नाही, कुणीच नाही. ज्या मेलचा त्यांना चार दिवस अभिमान वाटत होता त्यात त्यांनी स्वतःच, न विचारता, थोडासा दोष तिच्या पदरात टाकून ठेवला होता. समोर कुणी नव्हतं तरी त्यांनी मान खाली घातली.

मग त्यांनी पुन्हा 'सर्वांना उत्तर' दाबलं. साहेबांचा आदेश टेबलाच्या काचेखालीच होता. तिची वाक्यं त्यांनी जशीच्या तशी उतरवली, वर 'दुरुस्ती' लिहिलं, खाली आपलं नाव, तारीख आणि वेळ लिहिली आणि मेल पाठवून दिला. डिंकताईला आता त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, आणि हे तिला मेल लिहितानाच माहीत होतं.